बाळाला ताप आणि शूला उग्र वास: लघवीची तपासणी का करायची, नमुना कसा घ्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात लहान मुलांचा दवाखाना चालवते. पावसाळा लागला की तापाची मुलं रांगेने येतात आणि दर आठ-दहा आयांमागे एक तरी सांगते, "डॉक्टर, हिच्या शूला हल्ली फार वास मारतो." आजी बरोबर असली तर ती कोकणीत भर घालते, "मुताक घाण येता गे." पुढचे संभाषण बहुतेक ठरलेले असते. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अंगावर पिणाऱ्या बाळापासून साधारण दोन-अडीच वर्षांच्या, अजून लंगोट किंवा डायपर लागणाऱ्या मुलांपर्यंतच्या पालकांसाठी हे आहे.

शूला वास येतो म्हणजे इन्फेक्शन झालेच, असे समजायचे का?

नाही. उलट बाजूनेही तसेच, वास नाही म्हणून इन्फेक्शन नाही असेही नाही. माँट्रियलच्या डॉक्टरांनी २०१२ साली तापाच्या लहान मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. इन्फेक्शन निघालेल्या मुलांपैकी साधारण ५७ टक्के मुलांच्या पालकांनी "वास येतो" असे सांगितले होते. पण इन्फेक्शन नसलेल्यांपैकीही ३२ टक्के पालकांनी तेच सांगितले. म्हणजे वासाने संशय वाढतो, पण निकाल लागत नाही.

आपल्याकडे वासाची दुसरी कारणे भरपूर आहेत. एप्रिल-मे मध्ये घाम इतका जातो की शू थोडी, गडद आणि उग्र होते. तापातही बाळ कमी पिते, तेव्हाही तसेच होते. रात्रभर बांधलेल्या लंगोटाला सकाळी नाकात जाणारा जो झणझणीत वास येतो तो अमोनियाचा. शीमधले जंतू लघवीतल्या युरियाचे अमोनियात रूपांतर करतात, आणि ते सगळे लंगोटात घडते, मूत्राशयात नव्हे. मेथी, लसूण, काही व्हिटॅमिनचे थेंब, काही अँटिबायोटिक यांनीही वास बदलतो.

घरी एक साधी गोष्ट करून बघा. बाळाला धुऊन, पुसून धुतलेला सुती लंगोट बांधा आणि शू केल्या केल्या हुंगा. ताज्या शूलाच कुजका, नासका वास येत असेल आणि बरोबर ताप असेल, तर मला कळवा. वास फक्त तासन्‌तास बांधलेल्या डायपरला येत असेल आणि बाळ खेळते-खाते आहे, ताप नाही, तर डायपर लवकर बदला आणि दूध वाढवा, सहा महिन्यांवरच्या बाळाला पाणीही. नुसत्या वासासाठी, ताप नसताना, मी सहसा तपासणी सांगत नाही.

(एक वेगळा वास लक्षात असू द्या: जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, नीट न पिणाऱ्या बाळाच्या शूला जळक्या साखरेसारखा गोड वास आला तर तो फार दुर्मीळ अशा चयापचयाच्या आजाराचा असू शकतो. तिथे थांबायचे नाही, त्याच दिवशी दाखवायचे.)

मग लघवी तपासायची कधी?

ताप आहे आणि तापाचे कारण दिसत नाही तेव्हा. नाक वाहत नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, कान ठीक, घसा ठीक, अंगावर पुरळ नाही, आणि तरी ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर. अशा दोन वर्षांखालच्या मुलांत ढोबळमानाने शंभरात पाच-सात जणांना लघवीचे इन्फेक्शन निघते. पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांना जास्त होते, नंतर मुलींना. १०२ च्या वर ताप, दोन दिवसांहून जास्त ताप, आधी एकदा इन्फेक्शन झालेले, गरोदरपणीच्या सोनोग्राफीत बाळाच्या किडनीत काही दिसलेले, यातले काही असेल तर माझा हात लगेच लॅबच्या चिठ्ठीकडे जातो.

पावसाळ्यात आपल्याकडे एक गंमत होते. गंमत कसली, घोटाळाच. ताप म्हटला की डेंगी आणि मलेरियाच्या तपासण्या होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. त्या निगेटिव्ह आल्या की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि "व्हायरल असेल" म्हणून दोन दिवस थांबतात. बोटातून रक्त दोनदा काढलेले असते, लघवी मात्र कुणी मागितलेलीच नसते.

दात येतायत, त्याचाच ताप असेल ना?

दात येताना लाळ गळते, हिरड्या सुजतात, बाळ किरकिरते, अंग किंचित कोमटही लागते. १०२ ताप दातांनी येत नाही. सहा महिने ते दोन वर्षे या वयात कुठला ना कुठला दात कायम येतच असतो, त्यामुळे हे कारण कधीही फिट्ट बसते. म्हणूनच ते धोक्याचे.

शू करताना ती रडत नाही, कळवळत नाही. तरी इन्फेक्शन असू शकते?

असू शकते. जळजळ, पोटात खाली दुखणे, सारखे लागणे ही मोठ्यांची लक्षणे. तीन वर्षांचे मूल बोटाने दाखवते, नऊ महिन्यांचे दाखवत नाही. तान्ह्यात ताप, ओकाऱ्या, दूध टाकणे, चिडचिड किंवा उलट मलूल पडून राहणे एवढेच दिसते. अगदी लहान बाळात कधी ताप न येता कावीळ रेंगाळते किंवा वजनच वाढत नाही, आणि शोधता शोधता कारण लघवीत सापडते.

तापासह इन्फेक्शन असेल तर ते मूत्राशयापुरते न राहता किडनीपर्यंत पोहोचलेले असण्याची शक्यता मोठी असते. तिथे सूज बराच काळ राहिली तर काही मुलांच्या किडनीवर कायमचा व्रण राहतो. उपचार दोन-तीन दिवसांहून जास्त लांबले तर ही शक्यता वाढते. म्हणून "आठवडाभर बघू" हे मला मान्य नाही.

नमुना कसला घेत बसायचा? आधी अँटिबायोटिक सुरू करा, ताप उतरेल.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण विचारणाऱ्याचे म्हणणे वरवर शहाणपणाचे वाटते. पण अँटिबायोटिकच्या एक-दोन डोसांतच लघवीतले जंतू इतके कमी होऊ शकतात की कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काही उगवत नाही. मग रिपोर्ट "नो ग्रोथ" येतो आणि आपल्याला दोन गोष्टी कधीच कळत नाहीत. इन्फेक्शन खरेच होते का? आणि असेल तर त्या जंतूवर हे औषध चालते का? चौथ्या दिवशी ताप परत चढला तर आपण अंधारात चाचपडतो.

शिवाय इन्फेक्शन होते की नव्हते यावर पुढचे बरेच ठरते: सोनोग्राफी करायची का, पुढच्या तापात किती घाई करायची. म्हणून क्रम असा: आधी नमुना, मग पहिला डोस. बाळ फार आजारी असेल तर हा क्रम सांभाळायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे लागतात, कारण तेव्हा आम्ही वाट न पाहता शूच्या वाटेने बारीक नळी घालूनच नमुना घेतो. आणि शेजारच्या मुलाचे फ्रिजमध्ये उरलेले सिरप, कृपा करून, नकोच. आधीच देऊन झाले असेल तर लपवू नका. कुठले, किती वाजता, किती मिली हे सांगा, म्हणजे रिपोर्ट वाचताना ते धरता येईल.

लॅबवाल्यांनी चिकटवायची पिशवी दिली होती. तीत शू जमली, तीच दिली. ती का चालत नाही?

इथे एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. साखळीजवळच्या एका गावातली नऊ महिन्यांची मुलगी. सोमवारी रात्रीपासून ताप, १०३ पर्यंत. सर्दी नाही, खोकला नाही, मंगळवारी दोनदा ओकली. बुधवारी डेंगी-मलेरिया निगेटिव्ह. आईने शूला वास येतो असे सांगितल्यावर कुणीतरी पिशवी लावून नमुना द्यायला सांगितले. दुपारी पिशवी लावली, बाळ झोपले, अडीच तासांनी उठले तेव्हा पिशवीत शू होती. कधी केली ते कुणालाच माहीत नाही. रिपोर्टमध्ये पस सेल, म्हणजे पुवाच्या पांढऱ्या पेशी, ८ ते १० आणि कल्चरमध्ये तीन प्रकारचे जंतू, "मिक्स्ड ग्रोथ". शुक्रवारी ती माझ्याकडे आली तेव्हा ताप चौथा दिवस ओलांडत होता आणि हातात असा कागद होता ज्यातून हो की नाही काहीच निघत नव्हते.

पिशवीची अडचण अशी की शू आधी त्वचेवरून, मांडीच्या घडीतून, शीच्या जागेजवळून वाहते आणि मगच पिशवीत जमते. तिथले जंतू धुऊन ती बरोबर नेते. नीट धुऊन लावली तरी हे पूर्ण टळत नाही.

आकड्यात मांडून बघू. तापाची १०० बाळे घ्या, त्यांतल्या ५ जणांना खरेच इन्फेक्शन आहे. उरलेल्या ९५ जणांना नाही, पण पिशवीतल्या कल्चरमध्ये निरोगी बाळांतही शंभरात साधारण ३० वेळा जंतू उगवतात असे धरा. म्हणजे २८ बाळांचा रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह. एकूण ३३ पॉझिटिव्ह, त्यांत खरे फक्त ५. राहिलेल्या २८ बाळांना गरज नसताना अँटिबायोटिक, सोनोग्राफी आणि घरच्यांना घोर.

पिशवी अगदीच निरुपयोगी नाही. तिच्यातली ताजी शू रंग बदलणाऱ्या तपासणीच्या पट्टीने आणि सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण स्वच्छ निघाली, तर इन्फेक्शनची शक्यता बरीच कमी होते आणि बाळ नळीपासून वाचते. दोष दिसला तर मात्र तोच नमुना कल्चरला पाठवायचा नाही, नवा घ्यायचा. पिशवी "नाही" म्हणायला कामाला येते, "हो" म्हणायला नाही.

डायपर पिळून काढलेली किंवा कापसात शोषून घेतलेली शू कल्चरसाठी नको. पॉटीच्या तळाशी जमलेलीही नको.

मग घरी किंवा दवाखान्यात शू थेट बाटलीत कशी धरायची?

ही पद्धत मला सगळ्यात आवडते. बाळाला काही टोचत नाही आणि चांगल्या हाताने धरलेला नमुना भरवशाचा असतो. दोन माणसे आणि थोडा वेळ हवा.

औषधाच्या दुकानातून निर्जंतुक, सीलबंद लघवीची बाटली घ्या. झाकण शेवटच्या क्षणापर्यंत उघडू नका. बाळाला दूध पाजा. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी त्याला कमरेखाली उघडे करा. स्वतःचे हात साबणाने धुवा. बाळाची जागा कोमट पाण्याने आणि थोड्या साध्या साबणाने धुवा, मग नुसत्या पाण्याने साबण काढून टाका. मुलीला नेहमी पुढून मागे, शीकडे पुसत जायचे, उलट कधीही नाही. मुलग्याची कातडी जोर लावून मागे ओढायची नाही. या वयात ती चिकटलेलीच असते आणि ओढली तर जखम होते. बाहेरून धुतले तरी पुरे. डेटॉल, सॅव्हलॉन वगैरे काही लावू नका. ते नमुन्यात उतरले तर जंतू उगवणारच नाहीत आणि रिपोर्ट खोटाच "नॉर्मल" येईल.

आता एकाने बाळाला मांडीवर किंवा हातावर धरायचे आणि दुसऱ्याने उघडी बाटली घेऊन तयार राहायचे. मुलग्याची धार सोपी. मुलीची मांडीवरून ओघळते, म्हणून तिला थोडे उभट, पाय फाकवून धरलेले बरे. पहिले थेंब जाऊ द्या, मग बाटली धारेत घाला. बाटलीच्या आत बोट लागता कामा नये, काठ त्वचेला टेकता कामा नये, झाकण ओट्यावर पालथे ठेवायचे नाही. दोन-तीन मिली जमले तरी चालते. कल्चरला मिलीभरही पुरतो. शू कमी असेल तर लॅबला सांगा: आधी कल्चर, उरली तर बाकीचे. मध्येच शी झाली तर नमुना टाकून द्या आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून. राग येतो, मला माहीत आहे.

पॉटीवर बसणाऱ्या मुलाला धारेत बाटली आवडत नाही. त्याच्यासाठी पॉटीत उकळून थंड केलेली स्टीलची वाटी ठेवा आणि शू झाल्या झाल्या बाटलीत ओता. धारेतल्या नमुन्याइतके हे चांगले नाही, पण पिशवीपेक्षा माझी याला पसंती.

अर्धा तास झाला, शू होतच नाही. काही युक्ती?

दोन आहेत आणि दोन्ही नीट तपासलेल्या आहेत. पहिली मेलबर्नची, २०१७ साली प्रसिद्ध झालेली, एक महिना ते एक वर्ष वयासाठी. गार पाण्यात भिजवलेला गॉजचा तुकडा बेंबीच्या खाली, जिथे मूत्राशय असते तिथे, गोल गोल फिरवायचा. पाच मिनिटे. त्या अभ्यासात असे केलेल्या शंभरातल्या ३१ बाळांनी पाच मिनिटांत शू केली, नुसती वाट पाहिलेल्यांत १२ जणांनी. जादू नाही, पण खर्चही नाही. बाटली मात्र आधीच उघडी हातात हवी. गार गॉज लागताच एकदम धार येते आणि आई बाटली शोधत राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरी माद्रिदची, २०१३ ची, महिन्याच्या आतल्या बाळांसाठी. दूध पाजून पंचवीस मिनिटांनी एकाने बाळाला काखेत धरून पाय लोंबते ठेवायचे. दुसऱ्याने बोटांच्या टोकांनी मूत्राशयावर हलके, भराभर टिचक्या मारायच्या, अर्धा मिनिट. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना कमरेशी अंगठ्यांनी गोल मालिश, अर्धा मिनिट. शू होईपर्यंत आलटून पालटून. त्यांना दहापैकी आठ-नऊ बाळांत यश आले. ही युक्ती नर्सकडून शिकून घ्या. इतक्या लहान बाळाला ताप असेल तर तुम्ही तसेही हॉस्पिटलमध्येच असायला हवे.

नळी घालणार म्हणालात. दुखते का? किडनीला धोका?

नळी म्हणजे मऊ, बारीक कॅथेटर, बहुतेक वेळा पाच किंवा सहा नंबरची. शूच्या वाटेने मूत्राशयात जाते, शू निघते, नळी लगेच काढतात. आत राहत नाही. सगळे मिळून दोन-तीन मिनिटे. जागा जंतुनाशकाने पुसतात, नळीला जेल लावतात, सुरुवातीचे थेंब सोडून बाकीची शू बाटलीत घेतात. किडनी मूत्राशयाच्या खूप वर असते, नळी तिथवर जात नाही.

बाळ रडते, आणि जास्त करून पाय धरून ठेवल्याबद्दल रडते. नंतर एक-दोन वेळा शू करताना कुरकुरेल, कधी शूत गुलाबी छटा दिसेल. ती टिकली किंवा वाढली तर सांगा. नळीनेच इन्फेक्शन होण्याचा धोका अगदी थोडा असतो. आजारी बाळात भरवशाचा नमुना त्याच तासाला मिळणे त्यापेक्षा मोलाचे. कधी नळी गेली तरी शू येत नाही, कारण मूत्राशय रिकामे असते. सोनोग्राफी हाताशी असेल तर आधी बघून घेतो, नसेल तर दूध पाजून थांबतो.

साखळीच्या त्या मुलीला शुक्रवारी आम्ही नळीच घातली. चार दिवसांचा ताप, ओकाऱ्या, आणि एक नमुना आधीच वाया गेलेला. चार मिली शू निघाली, गढूळ. अर्ध्या तासात लॅबमध्ये पोहोचली आणि त्यानंतर पहिला डोस दिला.

पोटातून सुईने शू काढतात म्हणे?

काढतात, पण क्वचित, आणि हॉस्पिटलमध्ये. तान्ह्याचे मूत्राशय भरले की ते पोटात वर येते, म्हणून सोनोग्राफीत बघून बेंबीखालून बारीक सुईने शू घेता येते. ती सगळ्यात शुद्ध. नळी घालता येत नसेल, जसे मुलीच्या शूच्या जागेच्या कडा चिकटलेल्या असतात तेव्हा, ही पद्धत कामी येते.

लॅब दुपारी बंद असते. नमुना घरी ठेवला तर?

गोव्यात हा प्रश्न खरा आहे. एकला शटर खाली, चारला वर. गणपतीच्या चवथीच्या दिवसांत तर विचारूच नका.

शू हे जंतूंचे उत्तम खाद्य आहे. उबेत ई. कोलाय नावाचा जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे पाचशेपट. खोलीच्या तापमानाला वेग कमी असतो, पण आपल्या दमट दुपारी तोही पुरेसा असतो. त्वचेवरून चुकून आलेले चार जंतू संध्याकाळी रिपोर्टमध्ये "इन्फेक्शन" बनून येतात. एकदा माझा चांगला नळीचा नमुना एका लॅबच्या काउंटरवर दुपारभर तसाच राहिला. संध्याकाळी कळले तेव्हा त्या बाळाला पुन्हा नळी घालण्यावाचून इलाज नव्हता, आणि तिच्या आईला ते सांगणे मला फार जड गेले.

नियम सोपा ठेवा. तासाभरात लॅबमध्ये पोहोचते तर तशीच न्या. नाहीतर झाकण घट्ट लावून, स्वच्छ पिशवीत घालून फ्रिजमध्ये, फ्रिझरमध्ये नव्हे. तिथे ती २४ तासांपर्यंत चालते. नेताना बर्फाच्या पॅकसह डब्यात न्या, गाडीच्या डिकीत नको. बाटलीवर नाव, तारीख, घेतल्याची वेळ आणि कशी घेतली ते लिहा: धारेतून, नळीने की पिशवीने. शेवटची गोष्ट लिहिलेली नसेल तर लॅबवाला आकड्याचा अर्थ लावणार कसा? रात्री-अपरात्री किंवा सुट्टीत बाळ आजारी असेल तर लॅब उघडायची वाट पाहू नका. जिल्हा हॉस्पिटल किंवा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नमुनाही तिथेच घेतला जाईल.

पट्टीची तपासणी निगेटिव्ह आली. मग झाले ना?

मोठ्या मुलात बऱ्याच अंशी हो, तान्ह्यात नाही. पट्टीवर मुख्यतः दोन खुणा बघतो. एक पांढऱ्या पेशींची, दुसरी नायट्राइटची. नायट्राइट तयार व्हायला शू मूत्राशयात साधारण चार तास साठून राहावी लागते. तान्हे बाळ तासा-तासाला शू करते, त्यामुळे जंतू असूनही ही खूण उमटत नाही. काही जंतू तर नायट्राइट बनवतच नाहीत. उलट नायट्राइट पॉझिटिव्ह आले, तर ते बहुतेक खरे असते.

त्या मुलीच्या पट्टीत पांढऱ्या पेशी दोन प्लस, नायट्राइट निगेटिव्ह. तीन महिन्यांखालच्या बाळात पट्टी काहीही म्हणो, कल्चर पाठवायचेच.

रिपोर्ट हातात आला. काय बघायचे?

पस सेल पाचाहून जास्त म्हणजे सूज असावी, पण नुसत्या तापानेही त्या थोड्या वाढतात. कल्चरचा पहिला अंदाज २४ तासांत येतो, पूर्ण रिपोर्टला ४८ ते ७२ तास लागतात. तीन गोष्टी एकत्र वाचायच्या: किती प्रकारचे जंतू, किती संख्या, नमुना कसा घेतला. एकच जंतू भरपूर संख्येने असेल तर ते खरे वाटते. दोन-तीन जंतूंची सरमिसळ म्हणजे बहुधा त्वचेवरचा कचरा. नळीच्या नमुन्यात मिलीमागे ५० हजार हा आकडा बरेच डॉक्टर पुरेसा धरतात, धारेतल्या नमुन्यात लाखाची अपेक्षा करतात, सुईच्या नमुन्यात थोडे जंतूही महत्त्वाचे. आकड्याशेजारी बाळाची अवस्थाही ठेवावी लागते.

खाली औषधांची यादी असते, "एस" म्हणजे चालते, "आर" म्हणजे चालत नाही. त्या मुलीच्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय, लाखावर, आणि आपल्याकडे ताप म्हटला की सर्रास दिले जाणारे एक सिरप "आर" गटात. नमुना न घेता तेच दिले असते तर आणखी दोन-तीन दिवस गेले असते. तिला मी दुसरे दिले होते, ते "एस" निघाले. रविवारी सकाळी ताप उतरलेला होता.

उपचार किती दिवस? पुन्हा पुन्हा तपासणी?

तापाच्या इन्फेक्शनला साधारण ७ ते १० दिवस, ताप दुसऱ्या दिवशी गेला तरी कोर्स पूर्ण. तीन महिन्यांखालच्या किंवा ओकणाऱ्या बाळाला दाखल करून शिरेतून. औषध सुरू करून ४८ तासांनी ताप तसाच असेल तर फोन करू नका, घेऊन या. बाळ बरे झाले तर पुन्हा लघवी तपासायची गरज सहसा नसते. पहिल्या इन्फेक्शननंतर किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी करून घेतो. पुढचे स्कॅन सगळ्यांना लागत नाहीत. सोनोग्राफीत दोष निघाला किंवा इन्फेक्शन परत आले तर लागतात. त्या मुलीची सोनोग्राफी नॉर्मल होती.

शहाळे, धण्याचे पाणी दिले तर चालेल?

सहा महिन्यांखाली अंगावरचे दूध सोडून काही नाही. सहा महिन्यांच्या पुढे थोडे शहाळे द्यायला हरकत नाही, पण ते पाणी आहे, औषध नाही.

डायपरमुळे झाले का? की समुद्रात बसवले म्हणून?

समुद्राला दोष नको. हे जंतू बहुतेक बाळाच्या स्वतःच्या शीतले असतात. शीने भरलेला डायपर लगेच बदला आणि पुढून मागे पुसा. दोन वर्षांच्या मुलाला खडा होत असेल तर आधी ते सोडवा, कारण भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते आणि शू पूर्ण बाहेर पडत नाही. हे कारण पालक कधीच सांगत नाहीत, मला विचारावे लागते.

कधी अजिबात थांबायचे नाही?

तीन महिन्यांखालचे बाळ आणि ताप १००.४ किंवा वर: दिवस असो की रात्र, सरळ हॉस्पिटल. कुठल्याही वयात बाळ उठवूनही नीट जागे होत नसेल, दूध ओढत नसेल, सारखे ओकत असेल, आठ तासांत शूच झाली नसेल, श्वास भराभर चालत असेल, अंग निळसर किंवा संगमरवरासारखे डागाळलेले दिसत असेल, किंवा झटका आला असेल, तर १०८ ला फोन करा.

एकदा होऊन गेले. आता पुढचा ताप आला की?

नाक गळत असले तरी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच लघवी दाखवा, तिसऱ्याची वाट नको. घरात एक सीलबंद बाटली ठेवा. तिच्यावरची मुदत संपण्याची तारीख अधूनमधून बघत जा, आणि बाळाच्या फाइलमध्ये जुना कल्चर रिपोर्ट वर लावून ठेवा. साखळीच्या त्या मुलीच्या आईने तो प्लास्टिकमध्ये घालून फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे, शेजारी बाटली. चवथीला पाहुण्यांनी विचारले तेव्हा म्हणे तिने सगळ्यांना गार गॉजची युक्तीही समजावून सांगितली.